सोसायटीच्या पार्किंगमध्ये कारचा चार्जर: तयारीची यादी

चार्जरची कंपनी ठरवण्याआधी मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. अंतर सरळ रेषेत नव्हे, तर केबल प्रत्यक्षात ज्या भिंतीने, छताने आणि कोपऱ्यांनी फिरून येईल त्या मार्गाने मोजायचे असते. पुण्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीत स्टिल्ट पार्किंगचे शेवटचे टोक मीटर रूमपासून सहज 40 मीटर निघते, आणि केबलची जाडी, खर्च व सोसायटीला दाखवायचा नकाशा हे सारे या आकड्यावर अवलंबून असते. पार्किंग यांत्रिक म्हणजे वरखाली सरकणाऱ्या पाळण्यांचे असेल, तर स्थिर चार्जरचा विचार तिथेच थांबवावा किंवा जागेच्या अदलाबदलीचा प्रस्ताव आधी मांडावा.

त्यानंतर पार्किंगचे वाटपपत्र शोधून काढावे. अर्ज, वाटपपत्र आणि सदनिकेची कागदपत्रे यांवरचे नाव एकच असावे. सदनिका वडिलांच्या नावावर आणि गाडी मुलाच्या नावावर असल्यास मीटरचा अर्ज सदनिकाधारकाच्या नावाने करणे सोपे जाते. भाडेकरूने मालकाचे लेखी संमतिपत्र घेऊन ठेवावे.

सोसायटीकडे ‘चार्जर बसवण्यास परवानगी मिळावी’ असा एका ओळीचा अर्ज देऊ नये, कारण अशा अर्जावर समितीला निर्णय घेण्यासाठी काहीच हाती नसते आणि विषय पुढच्या सभेवर जातो. अर्जासोबत केबलच्या मार्गाचा साधा नकाशा, चार्जरची क्षमता, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे नाव आणि हमीपत्र जोडावे. खर्च आपला राहील, भिंत किंवा फरशी फोडल्यास पूर्ववत करून देऊ, सदनिका विकल्यास जोडणी काढू किंवा नव्या मालकाच्या नावे करू, हे हमीपत्रात स्पष्ट असावे. जिन्यासमोरून, गॅस बँकेजवळून किंवा पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातून मार्ग नेऊ नये. समितीचे आक्षेप बहुधा याच ठिकाणी निघतात आणि ते रास्तही असतात. ना-हरकत पत्रावर पार्किंग क्रमांक, मंजूर भार आणि स्वतंत्र मीटरला संमती, या तिन्हींचा उल्लेख हवा, नाहीतर वीज कंपनी ते परत पाठवू शकते.

मीटर कोणता घ्यायचा, हा यातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. महिन्याला 1,000 किलोमीटर चालणारी मध्यम आकाराची कार चार्जिंगमधील गळती धरून साधारण 160 ते 170 युनिट घेते. एवढे युनिट घरच्या मीटरवर टाकले, तर एकूण वापर वरच्या टप्प्यात जाऊन ते महाग दराने लागण्याची शक्यता असते. म्हणून स्थिर आकार धरून दोन्ही पर्यायांचा महिन्याचा हिशेब चालू दरपत्रकावरून मांडावा. सोसायटीच्या सामाईक मीटरवर सब-मीटर लावणे लवकर होते, पण दर आणि वसुलीवरून पुढे वाद होतात. केंद्र सरकारच्या ग्राहक हक्क नियमांतील 2024 च्या दुरुस्तीनुसार ग्राहकाला वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. अर्ज करताना सिंगल फेज मिळेल की थ्री फेज लागेल, आणि मीटर बोर्डावर नव्या मीटरला जागा आहे का, हे शाखा कार्यालयात विचारून घ्यावे.

आता वायरिंग. 7.2 किलोवॅटचा चार्जर सतत 32 अँपिअर प्रवाह कित्येक तास ओढतो, आणि इस्त्री वा गीझरसारखा तो मधेच थांबत नाही. 40 मीटरसाठी 6 चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये सुमारे 9 व्होल्ट पडतात, म्हणजे 230 च्या जवळपास 4 टक्के. 10 चौरस मिलिमीटरमध्ये हीच घट साडेपाच व्होल्टांवर येते. जुन्या भागात रात्री व्होल्टेज आधीच कमी असते, त्यामुळे अशा अंतरावर जाड केबल घेणे मला शहाणपणाचे वाटते. 40 अँपिअरची स्वतंत्र डबल पोल एमसीबी आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी 30 मिलीअँपिअरची ‘ए’ प्रकारची आरसीसीबी लावावी. दुकानात सर्रास मिळणारी ‘एसी’ प्रकारची इथे योग्य नाही, कारण गळतीतला डीसीचा अंश तिला नीट ओळखता येत नाही.

अर्थिंग मात्र सर्वांत आधी तपासावे. गाडी चार्जिंग नाकारते किंवा चार्जरवर अर्थ फॉल्टचा दिवा लागतो, तेव्हा चार्जर बिघडल्याची तक्रार होते आणि दोष बहुतेकदा इमारतीच्या गंजलेल्या अर्थपिटमध्ये सापडतो. ठेकेदाराकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज चार्जिंग सुरू असताना मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त असेल, तर कारण शोधल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. पहिल्या चार्जिंगला अर्धा तास झाल्यावर एमसीबीच्या टर्मिनलचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने ठेकेदाराकडून पाहून घ्यावे, कारण सैल स्क्रू तेव्हाच कळतो, आणि मग चाचणी अहवालाची एक प्रत सोसायटीच्या फायलीत द्यावी.