टाइमलॅप्समध्ये कागद लुकलुकतोय? हे करून बघा

वरून कॅमेरा लावून चित्राचा टाइमलॅप्स काढला की कागद मधेच पांढरा मधेच करडा दिसतो, कारण हात फ्रेममध्ये आला-गेला की फोन दर वेळी उजेड नव्याने ॲडजस्ट करतो.

१. पडदे ओढा, खिडकीचा उजेड तासाभरात बदलतो. एकाच रंगाचे दोन दिवे कागदाच्या डाव्या-उजव्या बाजूला, साधारण ४५ अंशात लावा, म्हणजे हाताची सावली फिकी पडते.

२. कोरा कागद चिकटवा, हात चित्र काढताना असतो तसाच ठेवा आणि स्क्रीनवर कागदावर बोट दाबून धरा, AE/AF LOCK दिसलं की सोडा, म्हणजे फोन उजेड आणि फोकस परत बदलत नाही.

३. आता ब्राइटनेस थोडा खाली ओढा, कागदाचा पोत दिसायला लागेल एवढाच. कागद नुसता पांढराफेक दिसत असेल तर फिके वॉश व्हिडिओत येणारच नाहीत (माझं एक अख्खं आकाश असंच गेलं!).

आणि प्रिंट विकायच्या असतील तर व्हिडिओतली फ्रेम वापरू नका, १९२०×१०८० ची फ्रेम ३०० डीपीआयला जेमतेम ६.४ इंच रुंद छापते, ए४ ला २४८०×३५०८ पिक्सेल लागतात, त्यामुळे चित्र पूर्ण वाळलं की वेगळं स्कॅन करा.