मेतकुटाची डाळ आतपर्यंत कशी भाजावी

मेतकूट कडू झालं की लोक मेथीला दोष देतात आणि पिठूळ लागलं की गिरणीला. बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ कढईत असतं. आमच्याकडे गुहागरला पाऊस लागायच्या आत, वैशाखातच, वर्षाचं मेतकूट करून ठेवतात. तेव्हा ऊन कडक असतं आणि डाळी कोरड्या असतात. आषाढात करायची वेळ आलीच तर भाजणीला दीडपट वेळ लागेल हे धरून चाला.

माझं प्रमाण असं: 2 वाट्या हरभऱ्याची डाळ, 1 वाटी तांदूळ, अर्धी वाटी उडदाची डाळ, पाव वाटी गहू, 2 चमचे धने, 1 चमचा जिरे, मेथी आणि मोहरी अर्धा-अर्धा चमचा. हळद, सुंठ आणि हिंग यांची पूड दळल्यावर मिसळायची. सगळं निवडून, चाळून घ्या. चाळणं टाळू नका, कारण डाळीला लागलेली भुकटी कढईच्या बुडाशी सगळ्यांत आधी जळते आणि तिचा वास पुऱ्या घाण्याला लागतो.

कढई जाड बुडाची हवी, लोखंडाची किंवा बिडाची. पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ज्योतीच्या बरोबर वरची डाळ करपते आणि कडेची कच्ची राहते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. ‘सगळं एकत्र भाजलं तरी चालतं’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. हरभऱ्याची डाळ तयार होईपर्यंत जिऱ्याचा कोळसा होतो.

आता हरभऱ्याची डाळ. माझं पहिलं मेतकूट हिच्यामुळे फसलं. रंग सुरेख सोनेरी आला होता, म्हणून मी आठ मिनिटांत डाळ उतरवली. दळून आणल्यावर डबा उघडला तर कच्च्या बेसनाचा वास. सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, “रंग बघून उतरवलीस ना? दाणा फोडून बघायचा होतास.”

दाण्यातलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. आच मोठी असली की वरचा थर लवकर सुकतो आणि रंग धरतो, पण मधला गाभा तोवर ओलसरच असतो. म्हणून रंगावर भरवसा ठेवायचा नाही. एका वेळी एकच वाटी डाळ घ्या, गॅस अगदी बारीक ठेवा आणि उलथनं बुडापासून फिरवत राहा. पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. तिथेच माणसं आच वाढवतात. वाढवू नका. आधी डाळीची चकाकी जाते, मग कच्चा वास जाऊन फुटाण्यासारखा वास येऊ लागतो आणि दाण्यांवर तांबूस ठिपके दिसतात. माझ्या कढईत याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात.

ठिपके दिसले की दोन दाणे बाहेर काढून गार करा आणि दाताखाली फोडा. गरम दाणा चावून काही कळत नाही, तो मऊच लागतो. गार दाणा कटकन फुटून भुगा झाला तर डाळ झाली. दाताला चिकटला किंवा चिवट लागला तर अजून दोन-तीन मिनिटं, त्याच आचेवर.

झाली की लगेच परातीत ओता. गॅस बंद करून डाळ कढईतच ठेवायची नाही. जाड लोखंड बराच वेळ तापलेलं राहतं आणि बुडाची डाळ भाजतच राहते. एकदा दार वाजलं म्हणून मी गॅस बंद करून गेले, पाच मिनिटांनी परतले तर खालचा थर काळपट. तो घाणा मी टाकून दिला. करपलेले दाणे वेचून उपयोग होत नाही, कडवटपणा बाकीच्या डाळीत उतरलेला असतो.

उडदाची डाळ याच पद्धतीने, फक्त तिला निम्माच वेळ लागतो. तांदूळ पांढरे होऊन किंचित फुलेपर्यंत, गहू तडतडेपर्यंत. प्रत्येक घाण्यानंतर कढई कोरड्या फडक्याने पुसा.

मसाले शेवटी. धने तीन-चार मिनिटं. मग गॅस बंद करा आणि तापलेल्या कढईत जिरे, मोहरी, मेथी घालून हलवत राहा. तेवढी ऊब त्यांना पुरते. मेथी जराशी गडद झाली की काढा. ती लाल झाली तर फेकून द्या आणि नवी घ्या, अर्धाच चमचा तर आहे.

सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, तास-दीड तास तरी. कोमट असताना दळलं तर वाफ धरते आणि पिठाच्या गुठळ्या होतात. दळून, चाळून, हळद-सुंठ-हिंग मिसळून कोरड्या बरणीत भरा. रोजच्या वापराचं वेगळ्या लहान डब्यात काढा, म्हणजे पावसात मोठी बरणी सारखी उघडावी लागणार नाही.