तुळशीचा काढा: खोकला हटत नाही म्हणून कप वाढवू नका

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापलं की घरोघरी खोकला सुरू होतो, आणि काढ्याच्या त्याच त्या चुकाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काढा चहासारखा पीत राहणं. आमच्या दिरांचंच सांगते. पहिले चार दिवस त्यांना काढ्याने घशाला बरं वाटलं. मग ते रोज सकाळी थर्मास भरून कामावर न्यायला लागले. त्यात तुळस मूठभर, मिरी आठ-दहा, वर चमचाभर सुंठ. तिसऱ्या आठवड्यात दिवसा ठीक, पण रात्री आडवं झालं की ढास लागायची आणि तोंडाला आंबट पाणी यायचं. यांनी काय केलं, तर झोपताना आणखी एक कप वाढवला! डॉक्टरांनी विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. सर्दीचा खोकला केव्हाच गेला होता, आता पित्त वर घशाशी येऊन ढास लागत होती. काढा बंद झाला, जेवण झोपेच्या तीन तास आधी आलं आणि काही दिवसांत घरातले सगळे झोपू लागले.

माझी पद्धत साधी आहे. आठ-दहा पानं, अर्धा इंच आलं ठेचून, दोनच मिरी, दोन कप पाणी. मंद आचेवर निम्मं होऊ द्यायचं आणि गाळून चवीला गुळाचा खडा टाकायचा. एका माणसाला अर्धा कप सकाळी न्याहारीनंतर, अर्धा संध्याकाळी. रिकाम्या पोटी नाही, झोपताना तर नाहीच. पाच दिवस, फार तर आठवडा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तर तिसऱ्या दिवशी बंद.

सकाळी प्यायला आणि दुपारी 'काही फरक नाही' म्हणणाऱ्यांना काय सांगावं! व्हायरल खोकला पुष्कळदा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. काढ्याने घसा शेकतो, खोकल्याची मुदत कमी होते असं मला तरी कधी दिसलं नाही.

ज्येष्ठमध घालायची फार हौस असते. बीपी असलेल्यांनी ते रोज घेऊ नये, त्याने बीपी चढतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो, तिथे काढा काय करणार? गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधं चालू असतील, दिवस गेले असतील, तरी आधी विचारा.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, काढ्यातूनही नाही.

खोकल्याला दोन आठवडे झाले की काढ्याचं भांडं घासून ठेवा आणि थुंकीची तपासणी करून घ्या. टीबीसाठी ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. ताप, धाप किंवा थुंकीत रक्त दिसलं तर दोन दिवसही थांबू नका.