चित्रातल्या बाल्कनीत ऊन कुठून आलं?

पुण्यातल्या मावसबहिणीला डिझायनरने बाल्कनीतल्या बागेचं थ्रीडी चित्र पाठवलं. कठड्यावर फुललेली बोगनवेल, खाली मोगरा. ती बघत बसली आणि फरशीवर अडकली. कठड्याच्या गजांच्या लांब सावल्या थेट घराच्या दाराकडे पडल्या होत्या. म्हणजे सूर्य समोर, खाली उतरलेला. तिची बाल्कनी तर उत्तरेला!

पुण्यात असं ऊन कधीच येत नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो खरा, पण जवळजवळ डोक्यावर, वरच्या स्लॅबच्या आड. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपी किरणं बाजूने येतात, तेवढीच. हिवाळ्यात तीही नाहीत.

तुमचं चित्र आलं की आधी सावल्या बघा. मग बाल्कनीत बाहेर तोंड करून फोनवरचं होकायंत्र धरा, फक्त लोखंडी कठड्यापासून जरा लांब, नाहीतर काटा भरकटतो. सावलीच्या उलट दिशेला सूर्य. तो उत्तरेला निघाला तर झाडांची यादी बदलून घ्या. बोगनवेल आणि मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, नाहीतर नुसती पानं वाढतात. बहिणीने नेचे, सिंगोनियम आणि मनीप्लांट लावले. मोगरा आईच्या गच्चीवर गेला.