प्लेटलेट उतरल्या म्हणजे डेंग्यूच नव्हे: एपीएलमध्ये या चुका टाळा

पावसाळ्यात खानापूर, निपाणी, चिकोडीकडे ताप आला आणि प्लेटलेट उतरल्या की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव डेंग्यूचं येतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण डेंग्यूत रक्त सहसा घट्ट होतं. हिमोग्लोबिनही सोबत घसरलं असेल, दात घासताना रक्त येत असेल, मार न लागता अंगावर निळे डाग उठत असतील, तर अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल, मनात आलाच पाहिजे. हा रक्ताचा कॅन्सर वेळेत ओळखला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. ओळखायला उशीर झाला तर मेंदूत रक्तस्राव होऊन काही दिवसांत माणूस जाऊ शकतो.

समजा, निपाणीजवळच्या गावातली ३५ वर्षांची सून आहे. पाळीचं रक्त थांबत नाही, ताप आहे. हिमोग्लोबिन ७, प्लेटलेट १८,०००, पांढऱ्या पेशी १,८००. पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, म्हणून कॅन्सरची शंका कुणाला येत नाही, आणि इथेच फसगत होते, कारण एपीएलमध्ये त्या बऱ्याचदा कमीच असतात. नुसत्या मशीनच्या आकड्यांवर थांबणं ही पहिली चूक. रक्ताची काचपट्टी पॅथॉलॉजिस्टने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवी. दाट कणांनी भरलेल्या अर्धवट वाढीच्या पेशी आणि त्यांत सुयांच्या जुडग्यासारख्या काड्या दिसल्या की निदान जवळजवळ हातात येतं. पेशी थोड्याच असतील तर बोन मॅरो तपासावा लागतो.

रक्त का वाहतं?

या पेशींवर आणि त्यांच्या कणांत रक्त गोठवणारे घटक असतात, तसेच झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा चेतवणारेही. शरीरभर बारीक गुठळ्या होतात, विरघळतात, आणि त्यात गोठण्याचं सामान, मुख्यतः फायब्रिनोजेन, संपून जातं. म्हणून नुसत्या प्लेटलेट चढवत राहणं ही दुसरी चूक. आपल्या रुग्णाचं फायब्रिनोजेन ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आलं, तर तिला प्लेटलेटबरोबर क्रायो, म्हणजे फायब्रिनोजेन पुरवणारा रक्तघटक क्रायोप्रेसिपिटेट, हाही लागेल. रक्तस्रावाचा धोका टळेपर्यंत प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन १५०च्या वर ठेवायचं, आणि दोन्हीची तपासणी रोज, गरज पडली तर दिवसातून दोनदा करायची. तापासाठी कमरेत इंजेक्शन, अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन, मानेतून मोठी नळी, दात काढणं, हे सगळं या दिवसांत टाळायचं.

गोळी का लागू पडते?

एपीएलमध्ये गुणसूत्र १५ आणि १७ यांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एक जोडप्रथिन तयार होतं. एपीएलवरची गोळी म्हणजे ऑल-ट्रान्स रेटिनोइक अॅसिड, अ जीवनसत्त्वाचंच रूप. एरवी ते पेशीला प्रौढ होण्याचा संदेश देतं. हे जोडप्रथिन त्या संदेशाचे जनुक दाबून धरतं, आणि शरीरातल्या नेहमीच्या मात्रेला ते दाद देत नाही. औषधाची मोठी मात्रा मिळाली की पकड सुटते, जोडप्रथिन मोडतं आणि अडकलेली पेशी प्रौढ होऊन आपल्या वेळी मरते. रक्त गोठवणारे आणि गुठळी विरघळवणारे घटकही ती कमी बनवू लागते, म्हणून रक्तस्राव आवरू लागतो. नुसत्या केमोने पेशी फुटतात आणि तेच घटक रक्तात सांडतात. रक्तस्राव हा मूळ आजाराचा असतो, गोळीचा नव्हे. घरच्यांना हे आधीच सांगायला हवं, नाहीतर गोळीनेच रक्त आलं असं समजून ती बंद केली जाते.

सगळ्यांत जीवघेणी चूक म्हणजे जनुकीय रिपोर्टची वाट पाहणं. नमुना बाहेरगावी जातो, उत्तर यायला दिवस लागतात, आणि धोका तर पहिल्या दिवसांतच सर्वाधिक असतो. काचपट्टीवरून दाट शंका आली की त्याच दिवशी गोळी सुरू करायची. मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला रोज ४५ मिलिग्रॅम, दोन भागांत. आपल्या रुग्णाचा पृष्ठभाग १.५ चौरस मीटर धरला तर ६७.५, म्हणजे जवळपास ७० मिलिग्रॅम: १० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल सकाळी ४, संध्याकाळी ३, जेवणाबरोबर. रिपोर्ट वेगळा आला तर गोळी थांबवता येते. निदान पक्कं झालं आणि पांढऱ्या पेशी १०,०००च्या आत असतील, तर जोडीला आर्सेनिक ट्रायऑक्साइड दिलं जातं.

गोळी सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढू शकतात. घरचे विचारतात, "डॉक्टर, औषधाने आजार वाढला का?" तसं नसतं, प्रौढ होणाऱ्या पेशी रक्तात उतरत असतात. पण त्याबरोबर ताप, धाप, अंगावर सूज, वजनवाढ दिसली तर तो डिफरन्शिएशन सिंड्रोम असू शकतो. छातीच्या एक्स-रेच्या निष्कर्षाची वाट न बघता डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करायचं. गोळी थांबवायची ती फक्त त्रास फार गंभीर असेल तेव्हा, आणि तीही तात्पुरती.