√x ची सीमा सिद्ध करताना δ मध्ये x शिरला आणि माझे चार मार्क गेले

एफ.वाय.ला पहिल्या इंटर्नलमध्ये प्रश्न होता: a > 0 असेल तर x → a² असताना √x → a हे ε-δ व्याख्येनं सिद्ध करा. पाच मार्कांचा. मी पानभर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पेपर मिळाला तेव्हा एक मार्क. शेवटच्या ओळीतल्या x भोवती लाल गोल होता आणि बाजूला दोनच शब्द: "हा कुठला?"

त्या दोन शब्दांचा अर्थ कळायला मला दोन महिने लागले. तुम्हाला सीमेची व्याख्या येते असं धरून चालतो. व्याख्या पाठ असूनही माणूस इथे कसा आपटतो, ते सांगायचं आहे.

आधी कच्चं काम. a = 2 घेऊ, म्हणजे x → 4. आपल्याला |√x − 2| हे ε पेक्षा लहान करायचं आहे, पण आपल्या हातात फक्त |x − 4| आहे. म्हणून वर-खाली √x + 2 ने गुणायचं:

|√x − 2| = |x − 4| / (√x + 2)

इथवर मी बरोबर होतो. पुढे मी असा विचार केला: हे ε पेक्षा लहान हवं, तर |x − 4| < ε(√x + 2) हवं. म्हणजे δ = ε(√x + 2). संपलं! एका सीनियर दादानं हीच युक्ती शिकवली होती, "उलट सोडव, जे येईल ते δ." दादा मनानं चांगला होता, पण असले शॉर्टकट देणाऱ्यांवर माझा तेव्हापासून राग आहे. त्यांचं स्वतःचं 3x + 1 सारख्या एखाद्या गणितात निभावून गेलेलं असतं.

आता चूक काय, ते नीट बघा. व्याख्येत क्रम असा आहे: समोरचा माणूस ε देतो, मग मी δ देतो, आणि मग तो त्या δ च्या पट्ट्यातला हवा तो x निवडतो. मी δ देतो त्या क्षणी x अजून जन्मालाच आलेला नाही. मग δ च्या सूत्रात x येईल कुठून? δ मध्ये ε चालेल, a चालेल, बाकी ठराविक आकडे चालतील. x चालणार नाही.

"एवढं काय त्यात, शेवटी उत्तर तर बरोबरच येतं ना?" असं मीही सरांशी भांडलो होतो. सरांनी फळ्यावर लिहिलं: x → 4 असताना √x → 100. म्हणाले, "करतो सिद्ध. तुझ्याच पद्धतीनं." त्यांनी δ = |x − 4| / 2 घेतला. x हा 4 नसेल तेव्हा हा धन आहे, तक्रारीला जागा नाही. आता अट काय? 0 < |x − 4| < δ, म्हणजे |x − 4| हे स्वतःच्याच निम्म्याहून लहान हवं. असा एकही x नाही. अट कोणीच पाळत नाही, त्यामुळे "अट पाळणाऱ्या प्रत्येक x साठी |√x − 100| < ε" हे विधान आपोआप खरं! δ मध्ये x येऊ दिला की 100 काय, उणे सात काय, काहीही सिद्ध होतं. मी गप्प बसलो.

माझ्या δ मध्ये आणखी एक गंमत होती. |x − 4| < ε(√x + 2) या वाक्याला √x + 2 ने भागा, |√x − 2| < ε मिळतं. म्हणजे मी जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं होतं. पानभर लिहून मी एवढंच म्हणत होतो की "आहे, तर आहे."

मग x घालवायचा कसा? मला इथे उगाच भीती वाटायची, पण √x च्या बाबतीत काम फार सोपं आहे. √x कधी ऋण नसतो, म्हणून √x + 2 कमीत कमी 2 तरी असतोच. छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो, म्हणून

|√x − 2| = |x − 4| / (√x + 2) ≤ |x − 4| / 2

उजवीकडच्या छेदातून x गेला. आता |x − 4| < 2ε ठेवलं की काम झालं, δ = 2ε. सर्वसाधारण a साठी δ = aε. ε = 0.1 दिला तर δ = 0.2.

इथे हुशार मुलं एक प्रश्न विचारतात: याहून मोठा δ चालेल का? चालेल. 1.9 < √x < 2.1 चा वर्ग करा, 3.61 < x < 4.41. म्हणजे डावीकडे 0.39 जागा आहे, उजवीकडे 0.41. लहान बाजू घ्यायची, 0.39. घाईत 0.41 घेतलात तर x = 3.595 तपासा: तो 4 पासून 0.405 वर आहे, पट्ट्यात बसतो, पण √x सुमारे 1.896 येतो आणि फरक 0.1 च्या पुढे जातो. पण सर्वांत मोठा δ कोणी मागितलेलाच नाही. 0.2 मध्ये काम होतंय, तर 0.39 च्या मागे धावून परीक्षेत वेळ घालवू नका.

एक कोपरा मात्र राहिला. ε लहानच असेल असं व्याख्या म्हणत नाही. a = 2, ε = 3 घ्या. δ = 6 येतो आणि पट्टा (−2, 10) होतो. त्यात x = −1 आहे, त्याचं वर्गमूळ कुठून आणायचं? म्हणून δ = min(a², aε) लिहायचं. δ ≤ a² असला की x शून्याच्या खाली जात नाही. तुमच्या पुस्तकातल्या व्याख्येत "x प्रांतात असताना" असं स्पष्ट असेल तर नुसता aε सुद्धा पुरतो. तरी min लिहा, दोन सेकंद लागतात.

x² च्या सवयीनं काहीजण इथेही "δ ≤ 1 घेऊ" म्हणतात. x → 4 ला ते चालून जातं. पण a = 1/2 घ्या, a² = 1/4, आणि तो 1 तुम्हाला −3/4 पर्यंत घेऊन जातो. तो 1 आकाशातून पडलेला नाही, तो कुठे चालतो हे बघावं लागतं. गाइडमध्ये हे कधी लिहीत नाहीत, तिथे "δ = min(…) निवडा" एवढंच असतं. कच्चं काम लपवणारं गाइड मी तरी कोणाला सुचवत नाही.

पेपरात लिहिताना उलट क्रमानं: "ε > 0 दिला आहे. δ = min(a², aε) घेऊ. 0 < |x − a²| < δ असेल तर x > 0, म्हणून √x ला अर्थ आहे, आणि |√x − a| = |x − a²| / (√x + a) ≤ |x − a²| / a < δ / a ≤ ε." एवढंच. चार ओळी. लिहून झाल्यावर δ च्या उजवीकडे बोट ठेवून x शोधा, सापडला नाही की पेपर द्या.

आणि a = 0 विचारला तर aε घेऊन बसू नका, तो शून्य होतो आणि δ धन हवा. तिथे x फक्त उजवीकडून येतो, आणि √x < ε म्हणजेच x < ε², म्हणून δ = ε².