पातेल्यातल्या भातावरून 60 आणि 21 पाठ करा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनमध्ये रात्रपाळी करणाऱ्या ताई फूड सेफ्टीच्या परीक्षेची तयारी करत होत्या. आकडे काही डोक्यात राहीनात. मग त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून उरलेल्या भातालाच थर्मामीटर लावला.

रात्री साडेबाराला जेवणं उरकली, तेव्हा भात 60 अंशांवर होता. नियमाप्रमाणे तो दोन तासांत 21 च्या खाली यायला हवा, म्हणजे अडीचपर्यंत. दीड वाजता पातेल्याच्या कडेचा भात कोमट लागला, पण मधोमध काडी खुपसली तर अजून 48! म्हणून मोजायचं ते नेहमी मधोमध. ताईंनी भात लगेच ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा पसरला आणि ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवले. मे महिन्यात सांगलीची रात्रीची हवाच 21 च्या वर असते, नुसत्या पंख्याने काम भागत नाही. 21 च्या खाली आलेला भात मग झाकून फ्रीजमध्ये, 5 अंशांपर्यंत.

परीक्षेत फसवणारा प्रश्न असा: रात्रभर बाहेर राहिलेला भात खळखळून गरम केला तर चालेल का? नाही. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं उलटीचं विष उकळूनही जात नाही. वासावरून, चवीवरूनही ते कळत नाही. असा भात टाकूनच द्यायचा, डब्यात भरून घरीही न्यायचा नाही.